सुई शून्यावर येते तेव्हा

प्रयोगशाळेतल्या डॅनियल सेलचं सच्छिद्र भांडं जुनं झालं होतं, त्यामुळे त्याचा अंतर्गत रोध वाढून सुमारे १५ ओहम झाला होता. एका विद्यार्थिनीने त्याला काट्याचा व्होल्टमीटर लावला तेव्हा १.०३ व्होल्ट दिसले. पोटेन्शिओमीटरवर त्याच सेलची ईएमएफ १.०८ आली. "सर, यातलं खरं कुठलं?" तिने विचारलं. असा प्रश्न आला की मला आनंद होतो, कारण उत्तर तिथल्या तिथे दाखवता येतं.

आमची तार १० मीटरची. वेस्टनचा प्रमाण सेल १.०१८ व्होल्टचा. रिओस्टॅट असा लावला होता की त्याचा संतुलन बिंदू ५०९ सेंटिमीटरवर यावा, म्हणजे तारेच्या दर सेंटिमीटरला २ मिलिव्होल्ट. डॅनियलसाठी जॉकी ५४० सेंटिमीटरवर टेकवली की गॅल्व्हानोमीटरची सुई हलत नव्हती.

मी १००० ओहमचा रोध आणला आणि सेलला एकसर जोडून व्होल्टमीटर पुन्हा लावायला सांगितला. व्होल्टमीटरचा स्वतःचा रोध ३०० ओहम. सेलमधून प्रवाह निघाला की वाटेतला प्रत्येक रोध आपला वाटा खातो, म्हणून काटा जेमतेम पाव व्होल्टावर आला. पहिल्यांदा गेलेले ०.०५ व्होल्टही सेलच्या पोटातल्या १५ ओहमनेच खाल्ले होते.

मग तोच रोध गॅल्व्हानोमीटरच्या शाखेत घातला. सुई मंदावली, शून्याची जागा काही सेंटिमीटर पसरली, पण तिचा मध्य ५४०च्या आसपासच राहिला. विद्यार्थिनी बराच वेळ जॉकी पुढेमागे टेकवत राहिली. तारेच्या टोकापासून ५४० सेंटिमीटरपर्यंतचं विभवांतर सेलच्या ईएमएफइतकंच असतं आणि दोन्ही एकमेकांविरुद्ध ढकलतात. गॅल्व्हानोमीटरच्या दोन्ही टोकांना विभव सारखा, मग प्रवाह वाहायला कारणच उरत नाही. प्रवाह नाही म्हणून रोधावर घट नाही, मग तो रोध १५ ओहमचा असो की हजाराचा. तारेतून मुख्य बॅटरीचा प्रवाह मात्र चालूच असतो. मुलं हे नेहमी विसरतात आणि सगळं सर्किट थांबलं असं लिहितात.

म्हणूनच शोधताना मोठा रोध ठेवायचा आणि बिंदू जवळ आला की काढायचा. तेवढ्याने प्रमाण सेलही वाचतो. सुई तारेच्या दोन्ही टोकांना एकाच बाजूला जात असेल तर सेल उलटा जोडलाय, किंवा तारेवरचं एकूण विभवांतर सेलपेक्षा कमी पडतंय. जॉकी घासत नेऊ नये, नाहीतर तार जागोजागी बारीक होते आणि दर सेंटिमीटरचा हिशोब बिघडतो.

शेवटी वेस्टन पुन्हा लावायला सांगितला. संतुलन ५११वर आलं, कारण मुख्य बॅटरी दरम्यान थोडी उतरली होती. तिने ५०९ आणि ५११ची सरासरी घेऊन हिशोब केला आणि वहीत १.०८ व्होल्ट लिहिलं. त्यापुढचा आकडा लिहू का, असं विचारल्यावर मी नको म्हणालो.