चहाचा डाग

आमच्या कंपनीच्या मालकांना सगळे ‘सर’ म्हणतात. सर अस्सल पुणेरी. सदाशिव पेठेत वाढलेले, त्यामुळे खोचक बोलणं त्यांना कधी शिकावं लागलं नाही. ऑफिसातल्या फ्रिजवर, पार्किंगमध्ये, प्रिंटरशेजारी त्यांच्या हातच्या पाट्या लावलेल्या आहेत. त्या वाचून लोक हसतात आणि फ्रिजही स्वच्छ राहतो. पण कंपन्यांना तारे देणाऱ्या संकेतस्थळावर सरांनी याच हाताने उत्तरं लिहायला घेतली आणि ती निस्तरायचं काम माझ्याकडे आलं.

आम्ही नव्वदेक माणसांची सॉफ्टवेअर कंपनी. मनुष्यबळ विभाग म्हणजे मी आणि एक मदतनीस. त्या संकेतस्थळावर आजी-माजी कर्मचारी नाव न देता कंपनीबद्दल लिहितात: चांगलं काय, वाईट काय, पाचपैकी किती तारे. कंपनीला मजकूर पुसता येत नाही, पण खाली उत्तर देता येतं. सरांनी अशी अकरा उत्तरं दिली होती, बहुतेक रात्री अकरानंतर. मला ती माहीत होती. खरं सांगायचं तर दोन-तीन वाचून मी हसलेही होते.

हसू थांबलं ते एका फोनमुळे. टेस्टिंगसाठी निवडलेल्या मुलीने ऑफर लेटर मिळाल्यावर चौथ्या दिवशी नकार कळवला. मी कारण विचारलं. पगाराचं काहीतरी असेल असं मला वाटत होतं. ती म्हणाली, “मॅडम, वाईट रिव्ह्यू सगळ्याच कंपन्यांचे असतात हो. पण तुमची उत्तरं वाचली. उद्या मी सोडून गेले तर माझ्याबद्दलही असंच लिहिणार ना?”

मला उत्तर सुचलं नाही. तिने बोट ठेवलं होतं ते नेमक्या जागी. आम्ही समजत होतो की उत्तर तक्रार करणाऱ्याला द्यायचं असतं. तो तर केव्हाच गेलेला असतो. उत्तर वाचणारा माणूस म्हणजे उद्या आमच्या दारात उभा राहणारा उमेदवार, आणि तो मनातल्या मनात त्या तक्रार करणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून वाचतो.

सगळ्यात गाजलेलं उत्तर घेऊ. मूळ मजकूर इंग्रजीत होता, मी मराठीत सांगते. दोन तारे. चांगलं: शिकायला मिळतं, टीम चांगली. वाईट: नोकरी सोडल्यावर अंतिम हिशेब दीड महिन्यात देतो म्हणाले, जवळजवळ चार महिने लागले, रिलीव्हिंग लेटरसाठी मेलवर मेल करावे लागले, सुट्टीच्या दिवशी मॅनेजरचे फोन, पगारवाढ मर्जीतल्यांनाच.

त्यावर सर: “सकाळी साडेअकराला उगवणाऱ्या सूर्याला आमचं ऑफिस लवकर उघडतं याचा त्रास झाला, याबद्दल दिलगीर आहोत! आपण लॅपटॉपवर सांडलेल्या चहाचा डाग आम्ही आपली आठवण म्हणून जपून ठेवला आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा!”

पाटी म्हणून झकास. पण पाटी वाचणाऱ्याला ती कुणाला उद्देशून आहे हे माहीत नसतं, म्हणून तर सगळे हसू शकतात. इथे ऑफिसातल्या प्रत्येकाला पहिल्याच वाक्यात कळलं, हा कोण. नाव न देता लिहिलेल्या माणसाचं नाव आम्ही सोडून बाकी सगळं सांगून टाकलं होतं. शिवाय त्याने विचारलं होतं पैशांचं आणि पत्राचं; त्याबद्दल उत्तरात एक अक्षर नव्हतं. तिऱ्हाईत वाचणारा यातून एकच अर्थ काढेल: म्हणजे ते खरं असणार.

मी सरांशी बोलले. त्यांनी हात झटकले, “मग तू लिही.” मी लिहिलं. “आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. आम्ही कर्मचाऱ्यांच्या मतांची गांभीर्याने दखल घेतो. आपल्याला तसा अनुभव आला याचा खेद वाटतो.” सर वाचून म्हणाले, “हे बँकेच्या पत्रासारखं झालंय. माझं निदान त्याच्यासाठी लिहिलेलं होतं.”

मला राग आला, पण ते बरोबर होते. माझं उत्तर कुठल्याही कंपनीने कुठल्याही तक्रारीखाली चिकटवावं असं होतं. ‘आपल्याला तसा अनुभव आला’ यात तर चक्क ‘आम्हाला तसं वाटत नाही’ दडलेलं होतं. टोमणा काढला की सभ्य भाषा उरते, पण त्या सभ्य भाषेत काही सांगायचं नसेल तर तोही एक अपमानच. आणि सांगायचं काय, ते ठरवण्यासाठी आधी खरं काय ते बघावं लागणार होतं.

मी वहीत तीन रकाने आखले. तपासता येईल असं, मत आहे असं, आणि आपल्याला झोंबलं असं. तिसऱ्या रकान्यातलं काहीही उत्तरात जाणार नाही, हा नियम. उशिरा येणं आणि चहाचा डाग तिथेच गेले. ‘मर्जीतले’ हे मत. मताशी वाद घालायचा नाही. फार तर निकष काय आहेत ते सांगायचं, तेही असतील तर. आमच्याकडे ते लेखी नव्हते. फोनबद्दल मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, “दोनदाच केले, अर्जंट होतं.” म्हणजे केले होते.

राहिला हिशेब. त्या एकट्याची फाइल काढली तर उत्तरात त्याच्याकडेच बोट दाखवल्यासारखं होईल, म्हणून मी वर्षभरात सोडून गेलेल्या चौदाही जणांचे हिशेब काढले. नऊ जणांना साठ दिवसांपेक्षा जास्त लागले होते. त्याला 118 दिवस. कारण शोधायला जावं तर कुणी दुष्टपणा केलेला नव्हता. शेवटच्या दिवशी ‘नो ड्यूज’ फॉर्म निघायचा, तो लॅपटॉप विभाग, अकाउंट्स आणि मॅनेजर यांच्याकडे फिरायचा. पंचवीस तारखेच्या आत सगळ्यांच्या सह्या झाल्या नाहीत की हिशेब पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकात ढकलला जायचा. त्याच्या बाबतीत कीबोर्ड बदलण्याचा खर्च कापायचा की नाही यावर दोन विभाग एकमेकांना मेल करत बसले आणि तीन पंचवीस तारखा हुकल्या. हिशेब पूर्ण नाही म्हणून रिलीव्हिंग लेटरही अडकलं.

माझ्या इनबॉक्समध्ये त्याचे चार मेल सापडले. चारही मी पुढे पाठवले होते. त्याला लिहिलं होतं, “पंधरा दिवसांत होईल.” चारही वेळा तेच वाक्य.

आता प्रश्न भाषेचा राहिला नव्हता. ‘यापुढे काळजी घेऊ’ असं लिहायचं तर आधी घ्यायला हवी होती. मी सरांकडे तीन गोष्टी घेऊन गेले. फॉर्म शेवटच्या दिवशी नाही, राजीनामा मंजूर झाला की काढायचा. हिशेबाचे पैसे पगारपत्रकाची वाट न बघता स्वतंत्र द्यायचे. आणि रिलीव्हिंग लेटर पैशांच्या वादात अडकवायचं नाही.

तिसऱ्यावर सर अडले. “अगं, तेवढंच तर आपल्या हातात असतं. ते दिलं की वस्तू कोण परत करतं?” मी चौदा जणांची यादी पुढे ठेवली. वस्तू सगळ्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत परत केल्या होत्या. वाद होता तो फक्त खर्चाचा, आणि तो आमच्या दोन विभागांतला. सर बराच वेळ यादीकडे बघत राहिले. नऊ दिवसांनी तिन्ही बदल लेखी झाले, तीस दिवसांची मुदत घालून. त्यानंतरच मी उत्तर लिहिलं.

“नोकरी सोडताना हिशेबाला आणि रिलीव्हिंग लेटरला लागलेला वेळ योग्य नव्हता. गेल्या वर्षभरात सोडून गेलेल्यांचे हिशेब आम्ही तपासले. अनेकांना असाच उशीर झाला आणि तो आमच्या पद्धतीमुळे झाला. आता हिशेब शेवटच्या दिवसापासून तीस दिवसांत दिला जातो आणि पत्र हिशेबावर अवलंबून नसतं. सुट्टीतल्या फोनबद्दल मॅनेजर मंडळींशी बोललो आहोत. पगारवाढीचे लेखी निकष अजून तयार नाहीत. ते काम सुरू आहे. याआधी इथे दिलेलं उत्तर आम्ही काढलं आहे. ते तसं लिहायला नको होतं. कुणाचा हिशेब बाकी असल्यास मनुष्यबळ विभागाला लिहावं.”

शेवटून तिसरं वाक्य सरांना नको होतं. “काढलंच आहे तर सांगायचं कशाला?” पण जुन्या उत्तराचे स्क्रीनशॉट लोकांकडे होतेच. गुपचूप बदललं असतं तर आम्ही आधी खोचक आणि आता लबाड ठरलो असतो.

पाठवण्याआधी मी ते मोठ्याने वाचलं. उद्गारचिन्ह नाही, अवतरणचिन्हात पकडलेला त्याचा शब्द नाही, ‘गैरसमज’ नाही, कबुलीनंतर येणारा ‘पण’ नाही. ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ही काढल्या, भांडण झालेल्या माणसाला त्या दिल्या की त्यांचाच टोमणा होतो.

बाकी दहा उत्तरंही बदलली. त्यातल्या एकात नमतं घेतलं नाही. कुणीतरी लिहिलं होतं की दोन-दोन महिने पगार होत नाही. हे कधीच घडलं नव्हतं. तिथे एवढंच लिहिलं: “पगार दर महिन्याच्या सात तारखेच्या आत जमा होतो, गेल्या पाच वर्षांत ही तारीख चुकलेली नाही. कुणाच्या बाबतीत वेगळं झालं असल्यास कृपया कळवावं.” तो खोटं बोलतो असं म्हटलं नाही. त्याची गरजही नव्हती.

तारे फारसे हलले नाहीत. त्या मुलाने आपला मजकूर बदलला नाही, आणि बदल म्हणून आम्ही सुचवलंही नाही. सर अजूनही रात्री उत्तरं लिहितात, पण ती मला पाठवतात. मी सकाळी वाचते, हसते आणि वही उघडते.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली आहे. त्याला फोन करून माफी मागावी असं मला कितीदा तरी वाटलं. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. पण फोन केला तर पहिलंच वाक्य असेल, “ते तूच लिहिलं होतंस हे आम्हाला कळलं,” आणि ते ऐकून कुणाला बरं वाटेल? ज्याने नाव झाकलं त्याला नावाने हाक मारता येत नाही. त्यामुळे ‘उशीर आमच्या पद्धतीमुळे झाला’ हे जे सगळ्यांसाठी लिहिलं, त्यातच त्याच्यासाठीचं काय ते आलं. त्या पद्धतीत ते चार मेल पुढे पाठवणारी मीही होते, हे त्याला कळलं असेल की नाही कोण जाणे.