एका ओळीत मावलेली स्कूटर

‘अ‍ॅक्टिवा, शोरूम कंडिशन, अर्जंट विकणे, फक्त १८,०००!!!’ ही ओळ वाचून जुनी गाडी शोधणारा माणूस फोन करत नाही, पुढे सरकतो. गाडी खरोखर चांगली असेल, विकणारा खरोखर अडचणीत असेल, तरी तो सरकतो. त्या ओळीत पडताळता येईल असं काहीच नाही. अ‍ॅक्टिवा म्हणजे कोणती? कधीची? शोरूम कंडिशन म्हणजे काय? एकच ठोस गोष्ट आहे ती किंमत, आणि तीच घाबरवणारी.

हा धसका उगाच बसलेला नाही. ज्या फसवणुकीबद्दल पोलिसांनी वेळोवेळी लोकांना सावध केलंय, ती अशीच सुरू होते. आपण लष्करात जवान आहोत, बदली झाली, म्हणून गाडी स्वस्तात काढतोय असं सांगणारा एकजण भेटतो. तो ओळखपत्राचा फोटो पाठवतो, गाडी लष्कराच्या वाहतुकीने घरपोच येईल म्हणतो. मग आधी वाहतुकीचे, नंतर कागदपत्रांचे, नंतर आणखी कशाचे तरी पैसे मागत राहतो. गाडी काही येत नाही. या प्रकारामुळे खरोखर बदली झालेल्या माणसाची मात्र पंचाईत झाली आहे. ‘बदलीमुळे तातडीने’ हे त्याच्या बाबतीत खरं असलं, तरी ते शब्द मथळ्यात घातले की वाचणाऱ्याच्या मनात आधी तो तोतया जवान उभा राहतो. खरं कारण फोनवर सांगायला जागा असते. मथळ्यातून ते काढलेलं बरं.

मग मथळ्यात ठेवायचं काय? समजा, पुण्यात कोथरूडमधल्या एका कुटुंबाला २०२५च्या शेवटी आपली होंडा अ‍ॅक्टिवा विकायची आहे. गाडी घरात आली ती २०१९च्या गुढीपाडव्याला, म्हणजे ६ एप्रिलला. ३१,००० किलोमीटर चालली आहे, मालक पहिलाच, मागचा टायर झिजला आहे. त्यांनी पहिला मथळा लिहिला: ‘अ‍ॅक्टिवा २०१९, गुड कंडिशन, ४९,९९९’. यात खोटं काही नाही. तरीही तो हजारभर मथळ्यांत हरवून जाईल.

सुरुवात मॉडेलपासून करायला हवी, कारण ‘अ‍ॅक्टिवा’ या एका नावाखाली बऱ्याच गाड्या आहेत. ५जी आली २०१८मध्ये, ६जी आली जानेवारी २०२० मध्ये. ५जीला कार्ब्युरेटर आहे, ६जीला फ्युएल इंजेक्शन. ५जीमध्ये पेट्रोल भरायला सीट उघडावी लागते, ६जीचं झाकण बाहेर, मागच्या बाजूला आहे. ६जीचं पुढचं चाकही बारा इंची आहे, ५जीचं दहा इंची. ही माहिती असलेला गिऱ्हाईक मथळा आणि फोटो शेजारी ठेवून दहा सेकंदांत निकाल देतो. मथळ्यात ६जी आणि फोटोत बाहेर झाकण नाही, की संपलं. ‘५जी, २०२१’ असं लिहिलेलं असेल तरी तो थबकतो. १ एप्रिल २०२०पासून देशात बीएस-६ सक्तीचं झालं आणि ५जी ही बीएस-४ गाडी, मग ती २०२१ची कशी? बहुतेक वेळा विकणाऱ्याने ती सेकंडहँड घेतल्याचं साल टाकलेलं असतं. चूक भोळी असते, पण वाचणाऱ्याला भोळेपणा आणि लबाडी यांतला फरक ओळीवरून कळत नाही.

सालाची गंमत तर या कोथरूडच्या गाडीतही आहे. पाडव्याला हातात आलेली गाडी कारखान्यातून डिसेंबर २०१८मध्ये बाहेर पडलेली असू शकते. आरसी बुकावर उत्पादनाचा महिना आणि नोंदणीची तारीख दोन्ही असतात. म्हणून बाजारात रुळलेला ‘पासिंग’ हा शब्द इथे फार कामाचा आहे. ‘२०१९ पासिंग’ म्हटलं की कोणतं साल सांगतोय हे स्पष्ट होतं, आणि कागद पाहताना उत्पादनाचं साल एकाने मागे दिसलं तर कुणी दचकत नाही. ‘पुणे पासिंग’ म्हटलं की एमएच-१२ हेही कळतं. पिंपरी-चिंचवडची एमएच-१४ किंवा कोल्हापूरची एमएच-०९ असेल, तर नाव बदलायला कुठल्या आरटीओची ना-हरकत लागेल, याचा अंदाज गिऱ्हाईक तिथेच बांधतो.

सगळ्यात अवघड भाग कंडिशनचा. ‘गुड’, ‘टॉप’, ‘मक्खन’, ‘लेडीज युज्ड’ हे शब्द इतके झिजलेत की ते वाचलेच जात नाहीत. त्यांच्या जागी किलोमीटरचा आकडा आला की वाचणारा लगेच हिशेब करतो. साडेसहा वर्षांत ३१,००० म्हणजे दिवसाला तेराच्या आसपास किलोमीटर. ऑफिसला जाऊन-येऊन होणारा हा आकडा पटतो. त्याच वयाची गाडी ९,००० किलोमीटरची असेल तर तीही खरी असू शकते, पण मग पायाखालची मॅट, हँडलच्या ग्रिप आणि सीटची कड तसंच बोलली पाहिजे. अ‍ॅक्टिवाच्या साध्या मॉडेलमधलं मीटर पुढच्या चाकाच्या केबलवर चालतं. केबल तुटली की आकडा थांबतो, गाडी मात्र फिरत राहते. असं झालं असेल तर आकडा मथळ्यात घालूच नये, आणि केबलची गोष्ट जाहिरातीच्या मजकुरात लिहावी.

मागचा टायर मात्र मथळ्यात घ्यावा. विकणाऱ्याला हे नको वाटतं, आपणच आपल्या गाडीची उणी बाजू का सांगायची म्हणून. पण सेकंडहँड गाडीत काहीतरी असणारच, हे घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. ते काय आहे एवढंच त्याला शोधायचं असतं. ते आधीच समोर आलं, आणि ते इंजिन नसून बदलता येणारा टायर निघाला, की उरलेल्या ओळीवर तो विश्वास ठेवायला तयार होतो. शिवाय मोजता येण्याजोगी उणीव किंमतही समजावून सांगते.

आता किंमत. समजा, पुण्यातल्याच २०१९च्या ५जी गाड्यांच्या जाहिराती चाळल्यावर मागण्या बेचाळीस ते पन्नास हजारांच्या दरम्यान दिसतात. त्या मागण्या आहेत, सौदे त्याखाली होतात. तुलना करताना जाहिरातीची तारीखही पाहावी. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीची मागणीही खाली उतरवावी लागते, आणि त्याआधीच्या जाहिरातींवरून ठरवलेला भाव आज चढा ठरतो. टायर आणि घासाघीस धरून या कुटुंबाने ४४,००० मागावेत. ४९,९९९ ही दुकानाच्या पाटीवरची किंमत वाटते. घरातून गाडी विकणारा माणूस अशा आकड्यात बोलत नाही.

आणि मथळा असा झाला: ‘होंडा अ‍ॅक्टिवा ५जी, २०१९ पुणे पासिंग, ३१,००० किमी, मागचा टायर झिजलेला, ४४,००० रु.’ मोबाइलवर लांब ओळ शेवटी कापली जाते, म्हणून मॉडेल आणि साल पुढे. किंमत वेगळ्या चौकटीत भरायची असेल तर ओळीतली काढून तिथे ‘पहिला मालक’ घ्यावं.

विम्याचा शब्द मुद्दाम ठेवलेला नाही. सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम काढावा लागतो. या गाडीचा तो एप्रिल २०२४मध्ये संपला. पुढे नूतनीकरण केलं असेल तर ‘विमा चालू’ म्हणता येईल आणि पॉलिसीवरची तारीख दाखवता येईल. केलं नसेल तर हे दोन शब्द ओळीतली बाकी सगळी सत्यं बुडवतील.

दोन आठवड्यांत फोन आला नाही तर काय बदलायचं? फक्त आकडा. ४४,०००चे ४२,००० करावेत. ‘अर्जंट’ आणि उद्गारचिन्हं जोडायचा मोह तेव्हाच होतो, आणि तो आवरायला हवा, कारण ज्यांनी पहिली जाहिरात पाहिली होती तेच लोक दुसरीही पाहत असतात.