पूर्वेला की पश्चिमेला?

व्हॉट्सअ‍ॅपवर एखादी लिंक चिकटवली की तिच्यासोबत एक छोटंसं चित्र येतं, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. पण त्या चित्राचा नेमका कुठला भाग दिसेल हे कोण ठरवतं, याचा विचार सहसा कुणी करत नाही. विचार करायची वेळ येते ती चित्रातलं डोकं उडालं, की मग.

आमच्याकडे कळव्यात एका सोसायटीचं रक्तदान शिबिर होतं. मंडळाने छान पोस्टर बनवलं, माहितीचं एक पान नेटवर चढवलं आणि लिंक सगळ्या ग्रुपांवर फिरवली. दोन दिवसांत फोन सुरू झाले, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच: "अहो, पूर्वेला की पश्चिमेला?" ज्यांनी कळवा पाहिलंय त्यांना हा प्रश्न किती मोलाचा ते कळेल. रुळांच्या एका बाजूला डोंगराकडचा भाग, दुसऱ्या बाजूला खाडीकडचा. चुकीच्या बाजूला उतरलात की जिने चढा, उतरा, पुन्हा रिक्षा शोधा. रक्त द्यायला निघालेला माणूस तिथूनच घरी परतायचा.

गंमत म्हणजे पोस्टरवर "कळवा (पश्चिम)" अगदी ठळक अक्षरांत होतं. लिंकसोबत येणाऱ्या चित्रात मात्र शीर्षकही नव्हतं आणि पत्ताही नव्हता. होते ते फक्त प्रमुख पाहुण्यांचे हसरे चेहरे :) मंडळातल्या काकांचं म्हणणं पडलं, "मोबाईल खराब आहे." मोबाईल बिचारा ठणठणीत होता. झालं होतं ते साधं गणित.

पोस्टर ए-फोर आकाराचं, उभं. रुंदी १२४० पिक्सेल, उंची १७५४. शेअर केल्यावर जे मोठं कार्ड दिसतं ते मात्र आडवं असतं. २०१० साली फेसबुकने ओपन ग्राफ नावाची पद्धत आणली आणि पुढे या कार्डासाठी १२०० बाय ६३० हे माप रूढ झालं. म्हणजे रुंदी उंचीच्या साधारण १.९१ पट. आता १२४० रुंदीच्या चित्रातून याच प्रमाणाचा तुकडा काढायचा तर उंची येते ६५१. अख्ख्या पोस्टरचा जेमतेम ३७ टक्के भाग! आणि कापणारं यंत्र सहसा मधला भाग ठेवतं. वरून साडेपाचशे पिक्सेल गेले, खालून तेवढेच गेले. आपल्याकडच्या पोस्टरची रचना ठरलेली असते: वर शीर्षक, मध्ये मान्यवर, खाली तारीख-वेळ-पत्ता. यंत्राने इमानेइतबारे फक्त मान्यवर ठेवले.

बरं, सगळीकडे एकच काप असता तरी निभावलं असतं. पण कुठे हे आडवं कार्ड दिसतं, कुठे दोनास एक या प्रमाणाचं, तर कुठे नुसता चौकोनी तुकडा. आमच्या पोस्टरच्या चौकोनी तुकड्यात वरची-खालची अडीचशे पिक्सेलची पट्टी गेली होती. काप नेमका शीर्षकाच्या शिरोरेषेवरून गेल्यामुळे वेलांट्या आणि रफार उडाले. इंग्रजी अक्षराचा वरचा कोपरा गेला तरी शब्द ओळखू येतो. मराठीत वेलांटी गेली की "की"चा "का" होतो. म्हणून देवनागरी मजकुराच्या वर आणि खाली अंमळ जास्तच जागा सोडावी लागते.

मग उपाय काय? पोस्टर पोस्टरच्या जागी राहू द्यायचं आणि शेअर करण्यासाठी वेगळं कार्ड बनवायचं. माप १२०० बाय ६३०. त्याच्या बरोब्बर मध्यभागी ६३० बाय ६३० चा एक काल्पनिक चौकोन आखायचा, म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे २८५ पिक्सेल उरतात. ज्याच्यावाचून अडेल ते सगळं या चौकोनात. बाजूच्या जागेत रंग, नक्षी, रक्ताचा थेंब, काय हवं ते. चौकोनी काप झाला तर तेवढंच जाईल. दोनास एकच्या कापात वर-खाली पंधरा-पंधरा पिक्सेल जातात, म्हणून चौकोनातही वर-खाली चाळीस पिक्सेल मोकळे ठेवायचे.

आम्ही त्या चौकोनात तीनच ओळी ठेवल्या: "रक्तदान शिबिर", तारीख-वेळ आणि "कळवा पश्चिम". पाहुण्यांचे फोटो गेले म्हणून थोडी कुरबुर झाली, पण पोस्टरवर ते आहेतच. अक्षरं मोठी हवीत हेही लक्षात ठेवायचं. फोनवर हे कार्ड मूळ मापाच्या चौथाईइतकंच दिसतं, त्यामुळे ८० पिक्सेलचं अक्षर डोळ्यांना २० चं भासतं. त्याहून लहान अक्षरात उकार आणि अनुस्वार पुसट होतात.

पानाच्या डोक्यात मग एवढं लिहायचं:

```html
<meta property="og:title" content="कळवा पश्चिम: रक्तदान शिबिर">
<meta property="og:image" content="https://example.org/card-2.jpg">
<meta property="og:image:width" content="1200">
<meta property="og:image:height" content="630">
```

चित्राचा पत्ता `https` पासून पूर्ण द्यायचा, अर्धवट नाही. रुंदी-उंची सांगितली की फेसबुकला चित्र मोजत बसावं लागत नाही आणि पहिल्याच शेअरला ते नीट उमटतं. फाईल ६०० केबीच्या आत ठेवायची, त्याहून जड चित्राला व्हॉट्सअ‍ॅप हात लावेलच असं नाही. आणि शीर्षकात ठिकाण आधी लिहिलंय ते मुद्दाम. चित्राचा मध्य उरतो, पण लांब शीर्षकाचा शेवट कापला जातो.

जुनं पोस्टर टिकेल की नाही हे आधीच तपासायचं असेल तर इमेजमॅजिकची एक ओळ पुरते:

```
magick poster.jpg -gravity center -crop 1240x651+0+0 +repage test.jpg
```

`test.jpg` उघडा आणि शिबिराबद्दल काहीही माहीत नसलेल्या माणसाला दाखवा. कुठे आणि केव्हा जायचं हे त्याला सांगता आलं नाही, तर कार्ड वेगळं करा. मग हाच प्रयोग `1240x1240` घालून पुन्हा.

आता शेवटची मेख. नवं कार्ड चढवलं तरी फेसबुक साठवलेलं जुनंच चित्र दाखवत राहतं. त्यांच्या शेअरिंग डीबगर या पानावर लिंक टाकून पुन्हा वाचायला सांगता येतं, पण त्याआधी चित्राच्या फाईलचं नाव बदलायचं (वर `card-2` आहे ते म्हणूनच). व्हॉट्सअ‍ॅपचं प्रकरण निराळं. तिथे चित्र पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतं आणि निरोपासोबतच जातं. एकदा गेलेला निरोप नंतर पान सुधारल्याने सुधारत नाही. त्यामुळे मंडळाच्या मुलांनी सगळ्या ग्रुपांवर लिंक नव्याने टाकली आणि वर एक ओळ हाताने लिहिली: "कळवा पश्चिम, जुना मेसेज विसरा."

त्यानंतर आलेल्या फोनांवर लोक विचारत होते, "उपाशीपोटी यायचं का?" त्याचं उत्तर: नाही, व्यवस्थित खाऊन या. हे मात्र कार्डावर मावलं नाही. असो.