सोयावडीचा साप्ताहिक हिशेब

सेवानिवृत्तीनंतर घरच्या किराण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आणि ताळेबंद वाचण्याची जुनी सवय वेष्टनांवरील बारीक अक्षरांकडे वळली. सोयावडीच्या पाकिटावर ‘प्रथिने ५२ ग्रॅम’ असे ठळक छापलेले असते. तो आकडा खरा आहे. मात्र तो शंभर ग्रॅम कोरड्या वडीचा आहे. एका माणसाच्या भाजीला तीस ग्रॅम कोरडी वडी पुरते. ती भिजून सुमारे तिप्पट वजनाची होते. पण तिच्यातील प्रथिने साधारण पंधरा ग्रॅमच राहतात. म्हणून वजन नेहमी भिजवण्यापूर्वी करावे.

टोफूत पाणी पुष्कळ असते. मऊ टोफूत प्रथिने कमी आणि घट्ट टोफूत अधिक असल्याने वेष्टनावरील आकडा पाहूनच निवड करावी. शंभर ग्रॅमला बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असलेला टोफू मी घेतो.

यानंतर घटकांची यादी वाचावी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साध्या वडीत तेल काढलेले सोयापीठ एवढाच घटक पुरेसा असतो. सोया चापमध्ये मात्र अनेकदा मैदा किंवा गव्हाचे ग्लूटेनच आधी दिसते. हिरवे चिन्ह पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते. कांदा, लसूण वा बटाट्याचा स्टार्च नसल्याची हमी देत नाही. तयार कबाब, खिमा आणि मसाल्याच्या पुड्या घेताना आपल्या घरांनी हे विशेष पाहावे.

आता आठवड्याचे प्रमाण. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीस पन्नास ग्रॅम. माझ्या दिवसभराच्या पोळ्यांतून सतरा, वरणातून बारा, दुधातून दहा आणि भातातून तीन, असे बेचाळीस ग्रॅम जमा होतात. रोजची तूट आठ, तर आठवड्याची छप्पन्न. दोन वेळा सोयावडी आणि एकदा शंभर ग्रॅम टोफू घेतल्यास बेचाळीस ग्रॅम भरून निघतात. उरलेले चौदा मूठ-मूठ फुटाण्यांतून येतात. त्यामुळे रोज सोया खाण्याचे कारण उरत नाही. आम्हा उभयतांना आठवड्याला एकशेवीस ग्रॅम वडी लागते, आणि दोनशे ग्रॅमचे पाकीट अकरा-बारा दिवस पुरते.

वडी पाच मिनिटे उकळून, थंड पाण्यात दोनदा पिळून घेतली की तिचा उग्र वास जातो. तरीही पोट फुगत असेल, तर प्रमाण निम्मे करावे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी व सोया यांत सुमारे चार तासांचे अंतर ठेवावे. कारण सोयामुळे औषधाचे शोषण घटते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र हा हिशेब लागू नाही. तेथे प्रमाण वैद्यांनीच ठरवावे.