गाळा खाली करण्याच्या प्रश्नाआधीचे प्रश्न

भाड्याच्या जागेवरून होणाऱ्या वादांत सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न एका वाक्यात मावतो: मालक गाळा खाली करायला सांगतो, आता काय करावे? विचारणाऱ्याला हे वाक्य पूर्ण वाटते, कारण गाळा कोणता, मालक कोण आणि भाडे किती वर्षांपासून भरले जात आहे हे सारे त्याच्या डोळ्यांसमोर असते. परंतु उत्तर देणाऱ्याच्या दृष्टीने त्या वाक्यात एकही निर्णायक तथ्य नसते. श्रीरामपूरसारख्या तालुक्याच्या गावी ही अडचण विशेष जाणवते, कारण दौंड–मनमाड रेल्वेमार्गावरील स्थानक आणि बाजारपेठ यांच्या आधाराने वाढलेल्या या शहरात खाजगी मालकाचे गाळे, नगरपरिषदेचे गाळे, विश्वस्त संस्थांच्या इमारती आणि उघड्या जागेवर भाडेकरूने स्वतः उभारलेल्या टपऱ्या एकाच रस्त्यावर आढळतात आणि त्यांतील प्रत्येकाला लागू होणारा कायदा सारखा नसतो.

महाराष्ट्रात भाडेकरूला संरक्षण देणारा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 होय. तो 31 मार्च 2000 रोजी अंमलात आला आणि त्याने राज्याच्या वेगवेगळ्या भागांत चालत असलेल्या तीन जुन्या व्यवस्थांची जागा घेतली. पश्चिम महाराष्ट्रात, म्हणजे श्रीरामपूरच्या बाजूला, त्यापूर्वी 1947 चा मुंबई भाडे कायदा होता, तर मराठवाड्यात हैदराबादचा 1954 चा कायदा आणि विदर्भात 1949 चा आदेश चालत असे. हा अधिनियम राज्यातील प्रत्येक गावाला सरसकट लागू नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. तो अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांना, जुने कायदे जेथे लागू होते त्या क्षेत्रांना आणि शासनाने अधिसूचनेने पुढे जोडलेल्या क्षेत्रांना लागू होतो. त्यामुळे जागा शहराच्या हद्दीत आहे की बेलापूर, हरेगाव किंवा टिळकनगर यांसारख्या बाजूच्या गावात, हे आधी ठरवावे लागते आणि त्यानंतर त्या क्षेत्राचे नाव अनुसूचीत किंवा अधिसूचनेत पाहावे लागते. केवळ वस्ती शहराला येऊन भिडली किंवा हद्दवाढ झाली एवढ्यावरून कायदा तेथवर पोहोचला असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

हा फरक कागदोपत्री राहत नाही. अधिनियम लागू नसेल, तर मालक आणि भाडेकरू यांचे नाते 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने चालते आणि त्याच्या कलम 106 प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसल्यास, महिन्याच्या भाड्यावर दिलेली जागा 15 दिवसांच्या नोटिशीने संपुष्टात आणता येते. जागा कारखानदारीसाठी दिली असेल, तर हीच मुदत 6 महिन्यांची धरली जाते. मालकाला तेथे कारण सिद्ध करावे लागत नाही, मात्र भाडेकरू न हलल्यास न्यायालयात जावेच लागते. अधिनियम लागू असेल, तर उलट नुसती नोटीस पुरत नाही आणि कायद्यात लिहिलेल्या कारणांपैकी एखादे सिद्ध झाल्याशिवाय ताब्याचा हुकूमनामा, म्हणजे जागा परत देण्याचा न्यायालयीन निर्णय, मिळत नाही. एकाच प्रश्नाला दोन विरुद्ध उत्तरे संभवतात, आणि त्यांतले कोणते खरे हे जागेच्या पत्त्यावर ठरते.

पत्त्यानंतर वस्तू येते. 1999 च्या अधिनियमातील ‘जागा’ ही संज्ञा इमारत किंवा इमारतीचा स्वतंत्रपणे दिलेला भाग आणि त्याला लागून असलेले आवार यांच्यापुरती आहे, तर 1947 च्या कायद्यात शेतीसाठी न वापरलेली उघडी जमीनही त्या संज्ञेत येत होती. म्हणून रिकामा प्लॉट भाड्याने घेऊन त्यावर स्वखर्चाने पत्र्याचे शेड बांधणारा वखारवाला आणि बांधीव गाळा भाड्याने घेणारा दुकानदार शेजारी शेजारी बसत असले, तरी पहिल्याला नव्या अधिनियमाचे संरक्षण मिळेलच असे सांगता येत नाही. शेतजमिनीचा प्रश्न तर पूर्णतः निराळा आहे. श्रीरामपूर परिसराला तो सांगावा लागत नाही, कारण साखर कारखान्यासाठी खंडाने दिलेल्या आणि पुढे शेती महामंडळाकडे गेलेल्या जमिनींसाठी खंडकरी शेतकऱ्यांनी दिलेला दीर्घ लढा येथल्या पिढ्यांनी पाहिला आहे. त्या वादांचा निवाडा भाडे नियंत्रणाच्या चौकटीत झालेला नाही.

तिसरे तथ्य मालकी. अधिनियमाचे कलम 3 शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना वगळते, त्यामुळे नगरपरिषदेच्या व्यापारी संकुलातील गाळेधारकाला खाजगी मालकाच्या भाडेकरूप्रमाणे संरक्षण मागता येत नाही. त्याचे हक्क लिलावाच्या अटी, करारनामा आणि नगरपरिषदांच्या 1965 च्या अधिनियमातील मालमत्ता हस्तांतरणाच्या तरतुदी यांवरून पाहावे लागतात. हेच कलम भाडेकरूच्या बाजूनेही एक दार बंद करते: बँका, सार्वजनिक उपक्रम आणि 1 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील, तर त्यांनाही संरक्षण नाही. मालक सार्वजनिक विश्वस्त संस्था असेल, तर अधिनियम लागू राहतो, परंतु इमारत 3 वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देण्यास 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते, आणि ती नसलेल्या लांब मुदतीच्या करारावर विसंबून राहणारा भाडेकरू अडचणीत येतो.

चौथे तथ्य कागदाचे आहे. भाडेपट्टा म्हणजे जागेत हक्क निर्माण करणारा करार, तर लिव्ह अँड लायसन्स म्हणजे केवळ वापराची परवानगी देणारा करार. राहण्याच्या जागेचा लेखी परवाना मुदत संपून गेल्यावर मालकाला कलम 24 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जलद मार्गाने अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या वापरासाठी परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. या अर्जाचे समन्स मिळाल्यावर 30 दिवसांत बचावाची परवानगी मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य झाल्यासारखे धरले जाते. ही जलद वाट फक्त निवासी परवान्यासाठी आहे. दुकानाच्या परवान्याला ती लागू नाही. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, ती जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘करारच नाही, म्हणून हक्कही नाही’ हा बाजारात रूढ असलेला समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

एवढी तथ्ये हाती आल्यावरच सर्वसाधारण मार्गदर्शन सुरू होऊ शकते, आणि ते कसे चालते हे एका कल्पित उदाहरणावरून पाहणे उपयुक्त ठरेल. समजा, अधिनियम लागू असलेल्या क्षेत्रात खाजगी मालकाचा बांधीव गाळा आहे, भाडे महिना 3,000 रुपये असून ते महिनाअखेर देय होते, आणि जानेवारीपासून मालकाने भाडे घेणे थांबवले आहे. जूनअखेर त्याची नोटीस येते की सहा महिन्यांचे 18,000 रुपये थकले असून गाळा सोडावा. कलम 15 प्रमाणे अशी लेखी मागणी बजावल्यापासून 90 दिवस उलटल्याखेरीज थकबाकीच्या कारणावर दावा दाखल करता येत नाही. भाडेकरूने या अवधीत रक्कम देऊ केली, तर वादाचे मूळच उरत नाही. मालक हाताने घेत नसेल तर मनीऑर्डरने किंवा बँक खात्यावर पाठवलेल्या आणि नाकारल्या गेलेल्या रकमेची पोहोच हा भाडे देण्याची तयारी असल्याचा पुरावा ठरतो. भाडेकरूचा हातचा पुरावा नेमका येथेच कमी पडतो, कारण अनेक जण ‘त्यांनीच घेतले नाही’ एवढे तोंडी सांगतात आणि त्या महिन्यांचा एकही कागद दाखवू शकत नाहीत.

पुढे ऑक्टोबरात श्रीरामपूरच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला आणि नोव्हेंबरअखेर समन्स बजावले गेले, तरीही संधी संपत नाही. समन्स बजावल्यापासून 90 दिवसांच्या आत भाडेकरूने तोवर देय झालेले सर्व भाडे वार्षिक 15 टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरले, दाव्याचा खर्च न्यायालय सांगेल त्याप्रमाणे दिला आणि निकालापर्यंत भाडे नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावर हुकूमनामा होत नाही. आपल्या उदाहरणात डिसेंबरअखेर रक्कम भरायची, तर 12 महिन्यांचे 36,000 रुपये होतात. एका महिन्याच्या भाड्यावर दर महिन्याला साडेसदतीस रुपये व्याज चढते. जानेवारीचे भाडे 11 महिने थकले, फेब्रुवारीचे 10 आणि याच क्रमाने नोव्हेंबरचे 1, अशी एकूण 66 महिन्यांची थकीत मुदत धरून व्याज 2,475 रुपये येते. म्हणजे खर्च वगळून 38,475 रुपये. त्यातील 2,475 कमी भरले किंवा पुढचे एक-दोन महिने भरायचे राहून गेले, तर दुकान वाचवणारे हे संरक्षण डळमळते, आणि ते सहसा एवढ्याच निष्काळजीपणाने जाते.

मात्र मालकाचे कारण थकबाकी नसून स्वतःच्या मुलाला दुकान काढून देणे हे असेल, तर वरील सारा हिशेब निरुपयोगी होतो. कलम 16 मध्ये स्वतःसाठीची वाजवी व प्रामाणिक गरज, विनापरवानगी पोटभाडेकरू ठेवणे, संमतीशिवाय पक्के बांधकाम करणे, सबळ कारणाशिवाय 6 महिने जागा बंद ठेवणे अशी निरनिराळी कारणे आहेत. गरजेच्या दाव्यात ताबा दिल्याने कोणाला अधिक हाल सोसावे लागतील याची तुलना न्यायालय करते, आणि तेथे पर्यायी जागा शोधल्याचा पुरावा भाड्याच्या पावत्यांपेक्षा अधिक बोलतो. म्हणूनच नोटीस कोणत्या कारणावर आहे हे वाचल्याशिवाय दिलेला सल्ला दुसऱ्याच दाव्याचे उत्तर ठरू शकतो. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यातील दोन महिन्यांच्या अनामतीची मर्यादा येथे सांगितली जाते, तेव्हाही अशीच गफलत होते. तो नमुना राज्याने स्वतःचा कायदा करून स्वीकारल्याशिवाय कोणालाही बांधत नाही.

कुलूप बदलणे, वीज किंवा पाणी तोडणे हे मार्ग मालकाला कोणत्याही कारणावर खुले नाहीत. कलम 29 अन्वये अत्यावश्यक सेवा तोडल्यास भाडेकरू न्यायालयाकडे त्या पूर्ववत करण्याचा आदेश मागू शकतो. ज्यांच्या हाती आज नोटीस किंवा समन्स आहे, त्यांनी ते कोणत्या तारखेस मिळाले हे त्याच कागदावर लिहून ठेवावे आणि पाकीट जपावे, करपावती किंवा मालमत्ता पत्रक, करारनामा आणि भाड्याच्या पावत्या एकत्र कराव्यात, आणि वकिलाची फी परवडत नसेल तर न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे हे सारे कागद घेऊन मुदत संपण्यापूर्वी जावे.