चौकोनात लिहिलेला पासवर्ड

चंडीगडमध्ये घरांत आणि पीजीमध्ये वाय-फाय बसवणे, बिघडले की दुरुस्त करणे, हे माझे काम आहे. पंजाब विद्यापीठ सेक्टर १४ मध्ये आणि पीजीआय सेक्टर १२ मध्ये असल्यामुळे आसपासच्या सेक्टरांतल्या कितीतरी घरांचे वरचे मजले मुलामुलींना भाड्याने दिलेले असतात. एका मजल्यावर एक राउटर आणि त्यावर आठ-दहा जण. पासवर्ड कुणीतरी कधीतरी टाकून दिलेला असतो, तो कुणाच्याच लक्षात नसतो, आणि नवा लॅपटॉप आला की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: माझा फोन तर जोडलेला आहे, मग त्यातला पासवर्ड मला का दिसत नाही?

एके काळी तो खरोखरच दिसत नसे. फोन तो साठवून ठेवायचा, पण सामान्य वापरणाऱ्याला उघडता येणार नाही अशा सिस्टमच्या फाइलीत. ती वाचायची तर फोन रूट करावा लागे, म्हणजे कंपनीने घातलेली सुरक्षा काढून टाकावी लागे. सप्टेंबर २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आले आणि हा प्रश्न सुटला. जोडलेल्या किंवा साठवलेल्या नेटवर्कच्या पानावर Share असे बटण आले. ते दाबले की क्यूआर कोड येतो आणि दुसऱ्या फोनने तो स्कॅन केला की पासवर्ड न टाकताच जोडणी होते. त्या कोडमध्ये पासवर्ड अक्षरशः लिहिलेला असतो, आणि तो वाचताही येतो, ही गोष्ट मात्र पुष्कळांना माहीत नसते.

मागच्या दिवाळीच्या आधीचे एक उदाहरण सांगतो. पीजीआयमध्ये शिकणारी साताऱ्याची एक डॉक्टर माझ्याकडे आली. साताऱ्याच्या घरी नवा टीव्ही आला होता आणि त्याला वाय-फाय जोडायचे होते. राउटरचा पासवर्ड तिनेच पूर्वी सुट्टीत बदलला होता, त्यामुळे राउटरखालच्या स्टिकरवरचा पासवर्ड चालत नव्हता. आईवडिलांचे फोन अँड्रॉइड ९ चे होते, त्यांत Share नव्हते. टीव्हीला कॅमेरा नसल्याने क्यूआर कोडचा तिथे उपयोग नव्हता. पासवर्ड अक्षरांतच हवा होता, आणि तो साठवलेला फोन साताऱ्यापासून फार दूर, चंडीगडमध्ये होता.

तिला वाटत होते की त्या वाय-फायच्या टापूत असल्याशिवाय काही करता येणार नाही. तसे नाही. फोन पूर्वी जोडलेली नेटवर्के विसरत नाही. सेटिंग्जमध्ये Network & internet, त्यात Internet, आणि त्या पानावर खाली Saved networks अशी यादी असते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ती Connections किंवा Wi-Fi या नावाखाली, कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांमागे सापडते. त्या यादीत साताऱ्याच्या घरचे नाव होते. नावावर टिचकी मारून Share दाबले. फोनने पिन किंवा बोटाचा ठसा मागितला आणि मग क्यूआर कोड दाखवला.

बऱ्याच फोनमध्ये काम इथेच संपते, कारण कोडच्या खाली पासवर्ड साध्या अक्षरांत छापलेला असतो. आधी तिथेच बघावे. तिच्या फोनमध्ये मात्र नुसता चौकोन होता. अशा वेळी स्वतःच्याच पडद्यावरचा कोड स्वतःच्या कॅमेऱ्याने कसा वाचायचा, ही अडचण येते. उपाय सोपा आहे. त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तो फोनमधल्याच गॅलरीतून, गूगल लेन्सने किंवा क्यूआर वाचणाऱ्या ॲपने उघडायचा. काही फोन या पानाचा स्क्रीनशॉट घेऊ देत नाहीत. तिथे घरातल्याच दुसऱ्या फोनने कोड स्कॅन करावा लागतो.

तिच्या फोनमधल्या ॲपने कोडमधला मजकूर जसाच्या तसा दाखवला. खरा पासवर्ड इथे देणार नाही, पण त्याच घडणीचा एक बनवून दाखवतो:

```
WIFI:S:Ghar-Satara;T:WPA;P:Aai\;Baba\:2019;H:false;;
```

ही ओळ वाचायला शिकले की क्यूआर कोडचे गूढ संपते. सुरुवातीचा `WIFI:` हा शब्द स्कॅन करणाऱ्याला सांगतो की हा वाय-फायचा तपशील आहे, वेबसाइटचा पत्ता नव्हे. `S:` नंतर नेटवर्कचे नाव येते, `T:` नंतर सुरक्षेचा प्रकार आणि `P:` नंतर पासवर्ड. `H:` पुढच्या `false` चा अर्थ नेटवर्कचे नाव लपवलेले नाही. प्रत्येक भाग अर्धविरामाने संपतो आणि शेवटी दोन अर्धविराम येतात. यात कसलेही कूटलेखन नाही. साधा मजकूर काळ्यापांढऱ्या चौकोनांत मांडलेला आहे, एवढेच.

तिने आईला फोनवर जे सांगितले ते `Aai\;Baba\:2019` असे, तिरप्या रेघांसकट. टीव्ही म्हणाला, पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. मग ती पुन्हा माझ्याकडे आली. चूक त्या तिरप्या रेघांची होती. या ओळीत अर्धविराम म्हणजे भागाचा शेवट. पासवर्डमध्येच अर्धविराम असला तर वाचणाऱ्या फोनला पासवर्ड तिथेच संपला असे वाटेल. तसे होऊ नये म्हणून फोन कोड तयार करताना अशा चिन्हाआधी एक तिरपी रेघ घालतो. अर्धविराम, स्वल्पविराम, अपूर्णविराम, दुहेरी अवतरणचिन्ह आणि खुद्द ती तिरपी रेघ यांना हा नियम लागतो. पासवर्ड वाचताना ही जादा रेघ काढायची असते. म्हणजे खरा पासवर्ड `Aai;Baba:2019`, तेरा अक्षरांचा. ओळीत लागोपाठ दोन तिरप्या रेघा दिसल्या तर पासवर्डमध्ये त्यांतली एकच धरायची. फोन स्वतः कोडखाली पासवर्ड छापतो तेव्हा, किंवा लेन्ससारखे ॲप नाव आणि पासवर्ड वेगळे करून दाखवते तेव्हा, या रेघा आधीच काढलेल्या असतात. ओळ कच्ची दिसली तरच ही काळजी घ्यायची.

रेघा वगळून आईने पासवर्ड टाकला आणि टीव्ही जोडला गेला. फोनवरून सांगताना कोणते अक्षर मोठे, कोणते लहान, शून्य आहे की ओ, एक आहे की एल, हे प्रत्येक वेळी बोलून घ्यावे. वाय-फायच्या पासवर्डमध्ये लहानमोठ्या अक्षरांचा फरक मोजला जातो.

तरीही जोडणी झाली नसती तर मी दुसरी शक्यता तपासली असती. फोन दाखवतो तो त्याच्याकडे साठवलेला पासवर्ड, राउटरमध्ये आज असलेला नव्हे. मधल्या काळात राउटरचा पासवर्ड कुणी बदलला असेल तर चंडीगडच्या फोनला ते कळायला मार्ग नाही. तो जुनाच पासवर्ड दाखवत राहील. म्हणून घरातला एखादा फोन त्या वाय-फायला आता जोडला जातो का, हे आधी बघावे, आणि पासवर्ड गेल्या भेटीनंतर बदललेला नाही याची घरच्यांकडून खात्री करून घ्यावी. नेटवर्कवर Forget दाबले असेल किंवा फोनमध्ये नेटवर्क रीसेट केले असेल, तर ती नोंद गेलेलीच असते.

Share बटणच दिसत नाही, अशीही तक्रार येते. विद्यापीठांत आणि मोठ्या कार्यालयांत पुष्कळदा प्रत्येकाचे वेगळे युजरनेम आणि वेगळा पासवर्ड असतो. अशा नेटवर्कचा सगळ्यांचा मिळून एक पासवर्डच नसतो, म्हणून तो वाटताही येत नाही, आणि अँड्रॉइड तिथे हे बटण देत नाही. रेल्वे स्थानकांवरच्या रेलवायरचे प्रकरण उलटे आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालेली ही सेवा उघड्या नेटवर्कवर चालते आणि माणसाची ओळख मोबाइल नंबरवर आलेल्या ओटीपीने पटते. तिथला क्यूआर कोड काढला तरी त्यात पासवर्ड सापडणार नाही, कारण मुळात तो नाहीच.

पीजीमध्ये मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या चौकोनाला लोक निरुपद्रवी चित्र समजतात याची. तो आकड्या-अक्षरांत नसल्यामुळे पासवर्ड लपलेला आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो पाहणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्याला उघड वाचता येतो. Share दाबल्यावर फोन पिन मागतो तो याच कारणाने. पण फोनला स्क्रीन लॉकच नसेल तर विचारायला काही उरत नाही, आणि फोन हातात घेतलेला कोणीही साठवलेल्या सगळ्या नेटवर्कचे पासवर्ड एकामागून एक काढू शकतो. घरचा, ऑफिसचा, आजोळचा.

स्क्रीनशॉटचेही तसेच. काम झाल्यावर तो पुसावा आणि गॅलरीच्या ट्रॅशमधूनही काढावा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेली प्रतिमा ट्रॅशमध्ये ६० दिवस राहते. तो स्क्रीनशॉट कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात टाकू नये. गटातून तो पुढे कुठे जाईल ते सांगता येत नाही. क्यूआर वाचून देणाऱ्या अनोळखी वेबसाइटवरही तो चढवू नये. त्या एका ओळीत नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड दोन्ही असतात.

ज्याने एकदा कोड स्कॅन केला त्याच्या फोनमध्ये पासवर्ड साठवला जातो, आणि त्याच्या फोनवरून तोच कोड पुन्हा पुढे देता येतो. भाडेकरू खोली सोडून गेला तरी त्याचा फोन हे नेटवर्क विसरत नाही. एकट्या त्याचाच पासवर्ड रद्द करण्याची सोय साध्या घरगुती राउटरमध्ये सहसा नसते. उपाय एकच, राउटरमध्ये पासवर्ड बदलायचा आणि उरलेल्यांनी तो नव्याने टाकायचा. म्हणून मी पीजीच्या मालकिणींना सांगतो की भाडेकरू बदलला की पासवर्ड बदला. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय असेल तर पाहुण्यांसाठी ते चालू करा आणि कोड द्यायचा तो त्याचाच द्या.

या दिवाळीत घरी पाहुणे येतील आणि वाय-फाय मागतील. त्यांना कोड दाखवा, समोर स्कॅन करू द्या आणि पान बंद करा. त्याआधी एकदा सेटिंग्जमधली Saved networks ही यादी उघडून बघा. जिथे पुन्हा जाणार नाही ती नेटवर्के काढून टाका, घरचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा, आणि फोनला स्क्रीन लॉक नसेल तर ते आजच लावा.