बाबांची दोन पानांची अपील

आपल्या पलसाण्याच्या आठवणींमध्ये मिलचे भोंगे आणि भुसावळ पॅसेंजरची गर्दी यांवर खूप लिहून झालंय. आज एका कागदाविषयी लिहिते.

आमचं घर मूळचं अमळनेरकडचं. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात क्लार्क होते, बावीस वर्षं नोकरी झालेली. २०१८ साली तपासणीत २,६४० रुपयांची एक नोंद सापडली, जी आदल्या दिवशीच्या रजिस्टरमध्ये हवी होती पण दुसऱ्या दिवशीच्या पानावर होती. पैसे जागेवर होते, पावतीही होती. तरी बाबांना नियम १६ खाली नोटीस आली. केंद्रीय नोकरांच्या १९६५ च्या शिस्त नियमांत हा नियम किरकोळ शिक्षेसाठी आहे. त्यात आरोप सांगतात, लेखी उत्तर मागतात आणि निर्णय देतात. साक्षीदार, उलटतपासणी अशी पूर्ण चौकशी त्यात सहसा होत नाही.

बाबांनी उत्तरात रजिस्टरच्या त्या दोन पानांची नक्कल मागितली. ती मिळालीच नाही, थेट ऑर्डर आली. 'उत्तर समाधानकारक नाही', एवढं एकच वाक्य आणि खाली शिक्षा: दोन वेतनवाढी कायमस्वरूपी परिणामासह रोखल्या.

आई म्हणाली, "दोन इन्क्रिमेंटच ना, जाऊ द्या." तेव्हा आमच्या गल्लीतले नाना, जे सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले होते, ते चष्मा पुसत म्हणाले, "वहिनी, 'कायमस्वरूपी परिणाम' हे दोन शब्द वाचा आधी."

त्यांनी वहीच्या पाठीमागे हिशेब मांडला. बाबांचं मूळ वेतन ३३,३००. पुढच्या दोन पायऱ्या ३४,३०० आणि ३५,३००. परिणाम कायमचा नसता, तर शिक्षेचा काळ संपल्यावर पगार पुन्हा मूळ पायरीवर आला असता, फक्त मधल्या काळाचे पैसे गेले असते. पण कायमचा असल्यावर बाबा रिटायर होईपर्यंत दोन पायऱ्या मागेच राहणार. दरमहा मूळ वेतनात २,००० चं नुकसान, उरलेल्या दहा वर्षांत किमान २,४०,०००. महागाई भत्ता वेगळा. आणि शेवटच्या पगारावर पेन्शन ठरतं, म्हणजे ते नुकसान मरेपर्यंत.

मग नानांनी खरा मुद्दा काढला. त्याच नियम १६ मध्ये पोटनियम आहे: वेतनवाढ कायम परिणामासह रोखायची असेल, तर मोठ्या शिक्षेसारखी पूर्ण चौकशी झालीच पाहिजे. सुप्रीम कोर्टाने कुलवंत सिंग गिल यांच्या निकालात हेच म्हटलं होतं, की अशी शिक्षा कागदावर किरकोळ दिसली तरी परिणामाने मोठी आहे. बाबांना तर साधी नक्कलही दिली नव्हती.

अपीलची मुदत ऑर्डर हातात पडल्यापासून ४५ दिवस. नानांनी दोन गोष्टी बजावल्या. "अण्णा, साहेबांवर एक वाकडा शब्द लिहू नका. अपमानकारक भाषा नियमातच बसत नाही. आणि सगळं याच अपीलमध्ये टाका. वरचा अधिकारी शिक्षा जास्त आहे का, हे बघायला बांधलेला आहे. कोर्ट मात्र शिक्षा धक्कादायक असेल तरच हात घालतं."

बाबांनी दोनच पानं लिहिली. पहिल्या पानावर प्रक्रिया: नक्कल कोणत्या तारखेला मागितली, ती मिळाली नाही, चौकशी झाली नाही, ऑर्डरमध्ये उत्तरातल्या एकाही मुद्द्याचा विचार नाही. दुसऱ्या पानावर शिक्षेचं प्रमाण: नोंद एक दिवस उशिरा झाली हे मान्य, पण रक्कम कधीच कमी पडली नाही, सरकारचं नुकसान नाही, बावीस वर्षांत आधी एकही शिक्षा नाही. शेवटी दोन मागण्या: ऑर्डर रद्द करावी, नाहीतर शिक्षा कमी करावी. सोबत पावतीची झेरॉक्स, नोटिशीचं उत्तर आणि ऑर्डरची प्रत. एक प्रत शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पोच घेऊन.

अपीलमध्ये शिक्षा वाढूही शकते, फक्त आधी नोटीस द्यावी लागते. हे नानांनी लपवलं नाही, म्हणून आई आठवडाभर नीट जेवली नव्हती.

सात महिन्यांनी निकाल आला. पूर्ण चौकशीशिवाय अशी शिक्षा देता येत नाही, असं लिहून वेतनवाढी परत दिल्या. नोंद उशिरा केल्याबद्दल फक्त लेखी ठपका ठेवला. बाबांना तो ठपकाही टोचला. नाना म्हणाले, "अण्णा, ठपक्याने पेन्शन कमी होत नाही. सही करा आणि कामाला लागा."

बाबा आता नाहीत. आईला फॅमिली पेन्शन मिळतं, ते त्या परत मिळालेल्या पायऱ्यांवर ठरलेलं. आपल्या ग्रुपमध्ये नोकरीवरची मुलंमुली खूप आहेत. ऑर्डर आली तर रक्कम बघण्याआधी 'परिणामासह' का 'परिणामाशिवाय', ते वाचा. आणि हातात पडल्याची तारीख त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा.